फॉरवर्ड होऊन होऊन ठोकळे पडलेला व्हिडिओ थोडा तरी सुधारता येईल का?

निशिगंधा

आजोबांचा एक व्हिडिओ आहे, २ मिनिटं ४० सेकंदांचा. खुर्चीत बसून लहानपणचा एक किस्सा सांगताहेत, मागे फिकट रंगाची साधी भिंत, फोन बहुतेक कशाला तरी टेकवून ठेवलेला असणार कारण कॅमेरा जराही हलत नाही. आजोबा आता नाहीत आणि त्यांचा बोलतानाचा असा सलग व्हिडिओ हा एवढाच. पण हा कोणी काढला, कोणाकडून कोणाकडे गेला काही पत्ता नाही, माझ्याकडे आला तोपर्यंत त्याची पार वाट लागली होती. भिंतीवर सगळीकडे चौकोनी ठोकळे आणि ते जागच्या जागी पण राहत नाहीत, दर थोड्या वेळाने सगळी भिंत एकदम हलल्यासारखी वाटते. चेहरा त्या मानाने बरा आहे. आवाज ठीक आहे.

मी कॉम्प्युटरवर एका एडिटरमध्ये टाकून शार्पनेस वाढवून बघितला तर ठोकळे अजूनच उठून दिसायला लागले, मग ब्लर टाकला तर आजोबाच पुसट झाले. ffmpeg टाकलेलं आहे आणि कमांड कॉपी पेस्ट करता येते, त्यापुढे मला फार काही येत नाही. काय करता येईल?

रॉकीभाऊ

सोप्पंय. आधी 4K ला अपस्केल कर, मग शार्पन मार. शार्पन आधी केलंस म्हणून गडबड झाली. आणि घरात बाकीच्यांकडे कॉप्या असतील तर त्यातली सगळ्यात मोठ्या साईजची फाईल घे, जितके एमबी जास्त तितकी क्वालिटी जास्त.

खुडबुड्या

रॉकीभाऊ, दुसऱ्या कॉप्या शोधायचं म्हणालात ते लाखमोलाचं, पण एमबीवरून निवडू नका, कारण सांगतो. एखाद्याने आधीच फाटलेला व्हिडिओ घेतला, त्यावर नाव टाकलं, गाणं लावलं आणि एडिटिंग ॲपमधून परत सेव्ह केला तर ती फाईल मोठी होते, पण जास्तीचे एमबी ठोकळे नीट जपून ठेवण्यात जातात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

निशिगंधा, आधी नातेवाईकांकडून मिळतील तेवढ्या कॉप्या गोळा कर, पण नेहमीसारख्या व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट किंवा फाईल म्हणून पाठवायला सांग. गॅलरीतून व्हिडिओ म्हणून पाठवला की ॲप तो परत दाबतं. आणि एक गैरसमज असतो की प्रत्येक फॉरवर्डला क्वालिटी जाते. नुसतं फॉरवर्ड केलं तर बहुतेक वेळा ॲप तीच फाईल पुढे ढकलतं, त्यात काही बिघडत नाही. बिघडतं कधी, तर कोणी सेव्ह करून गॅलरीतून नव्याने पाठवला, कापला, स्टेटसला लावला, किंवा एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये नेला की. म्हणजे तुझा व्हिडिओ पन्नास जणांकडून आला असला तरी खरा दाबला गेला असेल तीन-चार वेळा. त्या पिढ्या कुठे कुठे झाल्या तेच आपल्याला हुडकायचंय.

प्रत्येक कॉपीवर हे चालव आणि काय येतं ते इथे टाक:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=codec_name,width,height,avg_frame_rate,bit_rate -of default=nw=1 A.mp4
```

नानू

आमच्याकडे पण सेम प्रॉब्लेम होता, पाऊस आला की टीव्हीवर चौकोन चौकोन यायचे आणि आवाज तुटायचा. छत्री जरा फिरवून घेतली, केबलचं टोक बदललं, गेला प्रॉब्लेम. केबल बघून घ्या एकदा.

खुडबुड्या

नानू, ते वेगळं. तिथे सिग्नल मधेच गळतो म्हणून चौकोन येतात, वाट नीट केली की चित्र परत येतं. इथे चौकोन फाईलमध्येच छापले गेलेत, केबल बदलून जाणार नाहीत.

निशिगंधा

चार ठिकाणांहून मिळाल्या. दोघांनी व्हिडिओ म्हणूनच पाठवल्या, त्यांना परत फाईल म्हणून पाठवायला लावल्या (एका काकांना तीनदा समजावलं).

माझी, A म्हणू: h264, 848x480, ३० फ्रेम, ६.२ एमबी.
मावशीची B: तंतोतंत तेच आकडे, साईजपण तीच.
काकांची C: 640x360, ९.८ एमबी. यात खाली आजोबांचं नाव येतं आणि मागे बासरी वाजते.
मावसभावाची D: 848x480, पण फक्त पहिले ३० सेकंद. त्याने कधीतरी कोणाच्या तरी स्टेटसवरून उतरवून ठेवली होती म्हणे.

खुडबुड्या

झकास. A आणि B चा हॅश काढून बघ, विंडोजवर `certutil -hashfile A.mp4 SHA256`, लिनक्स-मॅकवर `shasum -a 256 A.mp4`. सारखा आला तर ती एकच फाईल, एक बाजूला ठेवून दे.

C बाद. आकार लहान, वर नाव छापलेलं, आवाजात बासरी घुसलेली, आणि रॉकीभाऊंच्या नियमाने तीच निवडली गेली असती, सगळ्यात जड आहे ना.

A बद्दल अंदाज देतो. ६.२ एमबी म्हणजे साधारण ५० मेगाबिट, भागिले १६० सेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३१० किलोबिट, आवाज धरून. 848x480 ला ३० फ्रेमवर हे फारच कमी. भिंतीला काही वाट्याला आलंच नाही, एन्कोडरने सगळं चेहऱ्याकडे वळवलं, म्हणून तुला चेहरा बरा दिसतोय.

आता खरं काम, ठोकळे मोजायचे. भिंतीचा एक तुकडा कापून सहा पट मोठा करून चित्र काढ, मोठं करताना `neighbor` ठेवायचं म्हणजे पिक्सेल जसेच्या तसे दिसतात, मऊ होत नाहीत:

```
ffmpeg -ss 41 -i A.mp4 -frames:v 1 -vf "crop=160:120:344:40,scale=iw*6:ih*6:flags=neighbor" bhint.png
```

चित्राचा कॉन्ट्रास्ट थोडा ओढून वाढव आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत किती पिक्सेल येतात ते मोज. एक ठोकळा नको मोजू, दहा-बारा सलग मोज आणि भाग.

अनामिक मी

मधेच बोलतो, माफ करा, पण ही मेहनत वाया जाणार आहे असं वाटतं. H.264 मध्ये डीब्लॉकिंग आतच असतं, डीकोडर स्वतः ठोकळ्यांच्या कडा मऊ करूनच फ्रेम देतो. त्यावर बाहेरून अजून डीब्लॉक फिल्टर लावणं म्हणजे धुतलेला शर्ट परत धुणं. जुन्या MPEG-2 किंवा H.263 च्या जमान्यात त्याचा उपयोग होता.

खुडबुड्या

मुद्दा बरोबर आहे पण अर्धाच. डीकोडर कडा मऊ करतो त्या फक्त *शेवटच्या* पिढीच्या. आधीच्या पिढ्यांचे ठोकळे शेवटच्या एन्कोडरला ठोकळे म्हणून कळतच नाहीत, त्याच्या दृष्टीने तो भिंतीचाच नक्षीकाम. ते तो चित्र म्हणून जपतो. मधे कुठे आकार बदलला असेल तर जुने ठोकळे आता ८ किंवा १६ च्या जाळीवर बसतही नाहीत, म्हणून कुठलाच साधा फिल्टर त्यांना पकडत नाही. म्हणून तर मोजायला सांगितलं. तिला आलेला आकडा बघून ठरवू कोण बरोबर.

निशिगंधा

A आणि B चा हॅश सेम आला. म्हणजे मावशीला पाठवणारी मीच असणार 😅

भिंत मोजली. कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर इतकी स्वच्छ जाळी दिसली की अंगावर काटा आला, इतके दिवस मी नुसतं "फाटलंय" म्हणत होते. वरून खाली दहा ठोकळे १०७ पिक्सेलमध्ये बसले. आडवे पण जवळपास तेवढेच. म्हणजे एक १०.७. अपूर्णांक कसा काय आला, चुकलं का मोजायला?

खुडबुड्या

चुकलं नाहीस, नेमकं मोजलंस. १०.७ ला दीडने गुण. १६.०५. H.264 चा मोठा ठोकळा १६ पिक्सेलचा असतो. आणि 480 ला दीडने गुणलं की 720. म्हणजे मधल्या कुठल्यातरी पिढीत हा व्हिडिओ 1280x720 होता आणि तिथेच कोणीतरी, कुठल्यातरी ॲपने, तो जबरदस्त दाबला. त्यानंतर पुढच्या ॲपने तो 480 वर आणला आणि १६ चे ठोकळे १०.६७ चे होऊन बसले. शेवटच्या पिढीचा त्यात फारसा दोष नाही.

अनामिक मी, हे असं.

मग उपाय असा, की व्हिडिओ आधी परत 720 वर न्यायचा. याने बारकावे परत येणार नाहीत, गेले ते गेले, पण जुनी जाळी परत १६ वर बसते आणि तिथे फिल्टर लावता येतो. रॉकीभाऊंच्या अपस्केलमध्ये तेवढा अंश खरा निघाला म्हणायचं, फक्त 4K नाही, जिथे ठोकळे जन्मले त्याच मापाला.

```
ffmpeg -i A.mp4 -vf "scale=1280:720,setsar=1,deblock=filter=strong:block=16" -c:v libx264 -preset slow -crf 17 -c:a copy try1.mp4
```

वर्गशिक्षिका

धागा वाचून मी पण ही कमांड माझ्या एका व्हिडिओवर चालवली, फळ्यावर गणित सोडवतानाचा आहे, पालकांच्या ग्रुपमधून फिरून माझ्याकडेच परत आला आणि मूळ मी डिलीट करून बसले होते. फळा छान गुळगुळीत झाला पण अक्षरं पुसट झाली, आधी ३ आणि ८ वेगळे कळत होते ते पण आता कळेनात! असं का? आमचा 640x360 आहे.

खुडबुड्या

बाई, तुमच्या व्हिडिओची जाळी मोजलीत का? ती कमांड निशिगंधाच्या फाईलच्या मापाची आहे. जाळी जुळत नसेल तर फिल्टर ठोकळ्याच्या कडेऐवजी भलतीकडेच मऊ करत सुटतो, आणि खडूची बारीक रेघ तर त्याला हमखास सापडते.

फिल्टर ठरवतो कसं ते सांगतो म्हणजे दोघींना उपयोग होईल. जाळीच्या प्रत्येक रेषेवर तो अलीकडचा आणि पलीकडचा पिक्सेल बघतो. फरक थोडा असेल तर "हा ठोकळा" म्हणून मऊ करतो, फरक मोठा असेल तर "ही खरी कड" म्हणून सोडून देतो. हा उंबरठा म्हणजे `alpha`, न सांगता तो 0.098 असतो, म्हणजे २५५ पैकी साधारण २५. भिंतीवरच्या ठोकळ्यांत फरक असतो दोन-चार पायऱ्यांचा, म्हणून २५ हा उंबरठा खूपच मोकळा झाला. नीट लिहिलेला खडू वाचतो, पण दाबून दाबून फिका झालेला खडू २५ च्या आत येतो आणि पुसला जातो. `alpha=0.04` करून बघा, म्हणजे साधारण १० पायऱ्या. तरी अक्षरं असलेल्या व्हिडिओवर मी स्वतः डीब्लॉक लावणारच नाही, ठोकळे परवडले पण ३ चा ८ नको.

वर्गशिक्षिका

0.04 ने बरं आहे पण मूळपेक्षा वाईटच. ठेवते तसाच. परत फळाच लिहिते, ते लवकर होईल.

निशिगंधा

try1 बघितला. मधली भिंत, आजोबांच्या डोक्याच्या वर आणि आजूबाजूला, एकदम साफ! पण डावीकडे खिडकीजवळ आणि उजवीकडे कॅलेंडरच्या बाजूला जाळी जशीच्या तशी. पुसली गेली नाहीच, उलट दुहेरी रेघा आल्यासारखं वाटतंय. आणि चेहरा मेणाचा पुतळा झालाय.

अनामिक मी

बघा, म्हटलं होतं.

खुडबुड्या

थांबा हो. मधे साफ आणि दोन्ही कडांना नाही, ही फार बोलकी खूण आहे. माझीच चूक, मी गृहीत धरलं की ॲपने 1280 ची रुंदी चेपून 848 केली. गणित बघा, 1280 चे दोन तृतीयांश होतात ८५३.३३. एन्कोडरला १६ च्या पटीतली रुंदी सोपी पडते, म्हणून ॲपने 848 निवडली. ती दोन प्रकारे करता येते, एकतर सगळं चित्र थोडं चेपायचं, नाहीतर दोन्ही बाजूंनी पावणेतीन-पावणेतीन पिक्सेल कापून टाकायचे. तुझ्या फाईलमध्ये कापलेत. मी ते 848 ताणून 1280 केले म्हणून प्रत्येक ठोकळा १६ ऐवजी १६.१ झाला. मधोमध जाळी जुळली आणि कडेकडे सरकत सरकत टोकाला चार पिक्सेल चुकली. दुहेरी रेघ तीच, एक जुनी कड आणि चार पिक्सेल बाजूला फिल्टरने केलेली घाण.

आणि मी तुला कापायला दिलेला भिंतीचा तुकडा नेमका मधला होता! म्हणून मोजताना ते कळलं नाही.

848 गुणिले दीड १२७२. तर ताणायचं 1272 लाच, दोन्ही बाजूंना चार-चार पिक्सेलची रिकामी पट्टी जोडून 1280 करायचं म्हणजे जाळी शून्यापासून सुरू होते, फिल्टर लावायचा, आणि पट्टी परत कापून टाकायची. चेहऱ्यासाठी `alpha` खाली आणू.

```
ffmpeg -i A.mp4 -vf "scale=1272:720,pad=1280:720:4:0,setsar=1,deblock=filter=strong:block=16:alpha=0.04,crop=1272:720:4:0" -c:v libx264 -preset slow -crf 17 -c:a copy try2.mp4
```

जुळलं का ते कळायची युक्ती: पट्टी जोडल्यानंतर पण फिल्टरच्या आधीचं चित्र काढ, आणि तुकडा कापताना डावीकडची आणि वरची जागा १६ च्या पटीत दे, एकदा डाव्या टोकाला आणि एकदा उजव्या टोकाला. दोन्हीकडे पहिला ठोकळा कडेला अख्खा बसला पाहिजे, अर्धा कापलेला दिसला तर गणित अजून चुकतंय.

उनाड

हे सगळं मोबाईलवर होईल का, माझ्याकडे लॅपटॉप नाही. एक ॲप आहे त्यात "एन्हान्स" चं बटण आहे, दाबलं की होतं.

रॉकीभाऊ

ती बटणं म्हणजे शार्पन आणि कॉन्ट्रास्टच असतात बऱ्याचदा. (मी शिकलो बरं का आज.)

खुडबुड्या

अँड्रॉइडवर टर्मक्समध्ये ffmpeg चालतं, कमांड याच, फोन तापेल आणि वेळ लागेल एवढंच.

निशिगंधा

जुळलं!! दोन्ही टोकांना ठोकळा अख्खा बसला आणि try2 मध्ये अख्खी भिंत साफ. मी भावाला दाखवायला फोनवर लावला तर तो म्हणाला "नवीन कुठून मिळाला?"

चेहरा पण परत माणसाचा झालाय, कपाळावरच्या आठ्या दिसतात. पण दोन गोष्टी. एक, भिंतीवर आता ठोकळ्यांऐवजी मोठे मोठे ढगासारखे पट्टे दिसतात, रात्री अंधारात बघितलं की जास्त. दुसरं, ते भिंत एकदम हलल्यासारखं होणं तसंच आहे, साधारण दर दोन सेकंदांनी.

खुडबुड्या

पट्टे येणारच, ठोकळ्यांच्या मागे ते लपले होते. भिंतीवरचा उजेडाचा हळूवार उतार दाबताना दोन-चार पायऱ्यांचा झाला, त्या पायऱ्या आता उघड्या पडल्या. त्यावर `deband`, आणि वर किंचित दाणा. दाणा टाकला की डोळ्याला पायरी सापडत नाही. ऐकायला उलटं वाटतं, साफ केलेल्यावर परत घाण टाकायची, पण भिंत अगदी गुळगुळीत ठेवलीस तर ती प्लास्टिकची दिसते.

दर दोन सेकंदांनी हलतं ते की-फ्रेममुळे. तिथे एन्कोडर पूर्ण चित्र नव्याने काढतो, मधल्या फ्रेममध्ये नुसते बदल ढकलतो, आणि बिट कमी असले की नवं चित्र जुन्याशी जुळत नाही, भिंत उडी मारते. तुझा कॅमेरा स्थिर आहे हे मोठं नशीब, मागच्या-पुढच्या फ्रेमची सरासरी घेता येते. `hqdn3d` चे चार आकडे असतात, पहिले दोन एकाच फ्रेममधल्या मऊपणाचे आणि पुढचे दोन वेळेचे. आपल्याला वेळेचेच पाहिजेत. पहिल्या दोघांना शून्य देऊ नकोस, शून्य दिलं की तो "सांगितलंच नाही" समजून स्वतःचा नेहमीचा आकडा घेतो, यात मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली आहे. १ दे.

`crop` च्या पुढे हे जोड:

```
,hqdn3d=1:1:6:6,deband,noise=c0s=4:c0f=t
```

क्रम बदलू नकोस, दाणा सगळ्यात शेवटी. आणि crf १७ च राहू दे, वर नेलास तर एन्कोडर दाणाच आधी खाऊन टाकतो आणि पट्टे परत येतात.

अनामिक मी

आता hqdn3d ने हलणाऱ्या गोष्टींच्या मागे सावली येईल, बघा. मी त्याऐवजी `atadenoise` वापरीन, त्यात फ्रेमा फार वेगळ्या असल्या की सरासरी थांबते. आणि जाळीचं गणित मान्य, ते मी बघितलं नव्हतं.

निशिगंधा

दोन्ही करून बघितलं. hqdn3d ने भिंतीची उडी जवळजवळ गेली, अगदी शोधली तरच दिसते, पण १ मिनिट १२ सेकंदाला आजोबा हात हवेत गोल फिरवतात तिथे बोटांच्या मागे खरंच सावली येते. ६ चे ३ केले तर सावली गेली आणि उडी थोडी परत आली. atadenoise ने हात स्वच्छ पण भिंतीत मला काही फरकच वाटला नाही.

मी ३ वर थांबले. फाईल ५५ एमबीची झाली.

अनामिक मी

atadenoise चे उंबरठे वाढवावे लागतील, नेहमीचे फार सावध असतात. `0a` आणि `0b` दुप्पट करून बघा. नक्की होईल असं नाही म्हणत.

खुडबुड्या

किंवा भिंत आणि माणूस वेगळे करायचे, एडिटरमध्ये आजोबांभोवती ढोबळ मास्क काढून बाहेर ६ आणि आत ३. कॅमेरा हलत नाही म्हणून मास्क एकदाच काढायचा. पण हात मास्कच्या बाहेर जातो का ते बघावं लागेल.

निशिगंधा

जातो. चांगलाच बाहेर जातो, किस्सा पुराचा आहे 😄

अजून एक विचारायचं राहिलं, हाताच्या त्या दोन सेकंदांत बोटांवरच ठोकळे आहेत, ते या सगळ्याने हललेच नाहीत. ते कसे काढायचे?

खुडबुड्या

ते नाही निघणार. भिंत एकसारखी असते म्हणून कडा पुसल्या की काम झालं, मागे काय असणार ते माहीत असतं. हाताच्या जागी एन्कोडरने बोटं काढलीच नाहीत, रंगाचा एक ठिपका ठेवून दिला. तिथे पुसायचं काही नाही, कारण खाली काहीच नाही. जास्त मऊ केलंस तर चौकोनी ठिपक्याचा गोल ठिपका होईल.

आता D काढ बाहेर, आपण तिला विसरलोच. ३० सेकंदांची आहे, पण तिच्या भिंतीवर तीच १०.७ ची जाळी आहे का ते बघ. स्टेटसवरून आलेली म्हणजे वाईटच असणार असं धरायचं कारण नाही, कोणत्या पिढीतून उतरवली त्यावर आहे.

निशिगंधा

D मध्ये १०.७ ची जाळी नाहीये!!! भिंतीवर थोडे ठोकळे आहेत पण ते बरोब्बर १६ चे आणि खूप फिके. आणि आजोबांच्या शर्टाच्या बारीक रेघा यात दिसतात, A मध्ये शर्ट सपाट पांढरा आहे. मला वाटत होतं शर्ट पांढराच होता.

खुडबुड्या

म्हणजे ती 720 वाल्या दाबण्याच्या आधी फुटलेली फांदी आहे. स्टेटस लावणाऱ्याकडे त्याआधीची कॉपी होती, किंवा अजून आहे. मावसभावाला विचार स्टेटस कोणाचं होतं. तोपर्यंत या A वाल्यावर अजून वेळ घालवू नकोस.

रॉकीभाऊ

D चे पहिले ३० सेकंद आणि पुढे A जोडून टाक तोपर्यंत.

निशिगंधा

जोडून बघितलं, पण तिसाव्या सेकंदाला शर्टाच्या रेघा एकदम गायब होतात, ते फार खटकतं. वेगवेगळेच ठेवते.

मावसभाऊ म्हणतो स्टेटस बहुतेक थोरल्या दादाचं होतं. दादाला फोन केला, तो म्हणाला व्हिडिओ त्यानेच काढला होता, फोन पुस्तकांना टेकवून. तो फोन कपाटात आहे पण चार्ज होत नाही, आणि मेमरी कार्ड त्यात होतं की काढून दुसऱ्यात टाकलं ते त्याला आठवत नाही. रविवारी जाऊन बघते. कार्ड सापडलं तर त्याला सांगितलंय, काहीही कर पण ग्रुपवर टाकू नकोस.

नानू

चार्ज होत नसेल तर केबल बघून घ्या एकदा.